परीक्षा पुढे ढकलण्याचा अर्ज: प्राचार्यांसमोर नेमकं काय ठेवावं

गंभीर आजारामुळे अंतिम वर्षाची परीक्षा नंतर द्यायची परवानगी मागणारा अर्ज साधारण एका ठरावीक साच्यात लिहिला जातो. वरती विषय, मग आजाराचं नाव, मग हॉस्पिटलात काढलेल्या दिवसांचं वर्णन, मग 'तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा', आणि खाली रिपोर्टांची जाडजूड चळत. असा अर्ज वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण निर्णय घेता येत नाही. कोणते पेपर, कोणत्या तारखांचे, त्या तारखांना विद्यार्थी नेमकं काय करू शकणार नाही आणि तो कधी परीक्षेला बसू शकेल, या प्रश्नांची उत्तरं त्यात सापडत नाहीत. मग कार्यालय आणखी कागद मागतं, तोवर पहिला पेपर होऊन जातो आणि विद्यार्थ्याच्या नावासमोर 'गैरहजर' लागतं.

माझं म्हणणं असं आहे की हा दोष जितका अर्ज लिहिणाऱ्याचा आहे, तितकाच अर्ज मागणाऱ्या संस्थेचाही आहे. आजार किती मोठा हे ठरवायचं काम प्राचार्यांचं नाही, आणि त्यांना ते जमावं अशी अपेक्षाही नाही. त्यांना ठरवायचं असतं ते एवढंच की परीक्षेच्या काळात हा विद्यार्थी तीन तास बसून, वाचून, विचार करून उत्तरं लिहू शकतो का. अर्ज या प्रश्नाभोवती रचायला हवा, आणि संस्थांनीही हाच प्रश्न विचारायला हवा. सगळी वैद्यकीय फाइल मागून उपयोग नाही.

एक प्रसंग कल्पून तो शेवटपर्यंत नेऊ. पदवीच्या शेवटच्या सत्रातली एक विद्यार्थिनी. लेखी परीक्षा 20 एप्रिल ते 4 मे, पाच पेपर: 20, 23, 27 आणि 30 एप्रिल आणि 4 मे. प्रात्यक्षिकं मार्चमध्ये झालेली, प्रकल्पाची तोंडी परीक्षा 8 एप्रिलला. 26 मार्चला तिच्या पायांत मुंग्या येऊ लागतात, दोन दिवसांत जिना चढता येईना म्हणून 28 मार्चला ती हॉस्पिटलात दाखल होते. निदान होतं गियाँ-बारे सिंड्रोमचं, म्हणजे जीबीएसचं.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. बऱ्याचदा त्याआधी एक ते तीन आठवडे जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. अशक्तपणा पायांपासून वर चढत जातो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत त्याची परमावधी होते. उपचार म्हणून इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून, बहुधा पाच दिवस देतात, किंवा रक्तद्रव बदलतात. या उपचारांनी बरं होण्याचा वेग वाढतो, पण गेलेली ताकद दुसऱ्या दिवशी परत येत नाही. ती येते आठवड्यांनी, काहींना महिन्यांनी. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांच्या आत आपले आपण चालू लागतात, मात्र थकवा त्यानंतरही बराच काळ राहू शकतो. हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की 'हॉस्पिटलातून सुटका' आणि 'परीक्षेला बसण्याची क्षमता' यांच्यातलं अंतर या आजारात फार मोठं असतं, आणि अर्ज नेमका त्या अंतरात अडकतो.

आपल्या विद्यार्थिनीला 14 एप्रिलला घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलेलं असतं: 'घरी सोडताना प्रकृती स्थिर. फिजिओथेरपी सुरू ठेवावी. 15 दिवसांनी दाखवणे.' डॉक्टरांच्या लेखी 'स्थिर' याचा अर्थ श्वास, नाडी, रक्तदाब ठीक आहे, आजार आता वाढत नाही आणि हॉस्पिटलात ठेवण्याची गरज नाही. परीक्षा विभागात तोच शब्द 'बरी झाली' असा वाचला जातो. 14 तारखेला सुटका, 20 तारखेला पेपर, मध्ये पाच दिवस मोकळे, मग अडचण काय, असा सरळ हिशेब मांडला जातो. त्याच कार्डावर आणखी एक आकडा असतो. हाताच्या पंजातली ताकद पाचपैकी चार. गुणपत्रिका वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे ऐंशी टक्के वाटतं. पण स्नायूंची ताकद मोजायची ही पट्टी टक्केवारीची नाही. तीन म्हणजे हात फक्त स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, पाच म्हणजे पूर्ण ताकद, आणि या दोहोंच्या मधला सगळा विस्तृत पट्टा 'चार' या एका आकड्यात मावतो. चार असलेला माणूस पेन धरू शकतो, सहीही करू शकतो. तीस पानं लिहू शकेल की नाही याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

म्हणून डिस्चार्ज कार्ड हा या अर्जाचा मुख्य पुरावा होऊ शकत नाही. ते दाखल होण्याची आणि सुटण्याची तारीख सिद्ध करतं, निदान सांगतं, बस. परीक्षेबद्दलचा पुरावा म्हणजे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं वेगळं प्रमाणपत्र, आणि ते काय लिहून मागायचं हे विद्यार्थ्याच्या घरच्यांना माहीत असायला हवं. डॉक्टरांना परीक्षेचं वेळापत्रक ठाऊक नसतं. त्यांच्याकडे नुसतं 'कॉलेजसाठी सर्टिफिकेट द्या' असं म्हटलं तर ते सवयीने लिहितात: 'पंधरा दिवस विश्रांतीचा सल्ला दिला आहे.' आता मोजून पाहा. 14 एप्रिलपासून पंधरा दिवस म्हणजे 28 एप्रिल. पहिले तीन पेपर त्यात आले, 30 एप्रिल आणि 4 मे हे दोन बाहेर राहिले. परीक्षा विभाग त्या प्रमाणपत्रावर बोट ठेवून म्हणेल की उरलेले दोन पेपर द्यायलाच हवेत, आणि कागदाप्रमाणे त्यांचं चूक नसेल. डॉक्टरांना तर महिना-दीड महिना अभिप्रेत होता. पंधरा दिवस लिहिले ते पुढच्या तपासणीचे.

उपाय साधा आहे. डॉक्टरांकडे जाताना हॉल तिकिटाची किंवा वेळापत्रकाची प्रत सोबत न्यावी आणि प्रमाणपत्रात पाच गोष्टी याव्यात अशी विनंती करावी: कोणत्या तारखेला तपासलं, विद्यार्थिनीला काय जमत नाही, ते कोणत्या तारखेपर्यंत जमणार नाही असा अंदाज आहे, पुन्हा केव्हा तपासून सांगता येईल, आणि डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. आपल्या प्रसंगात ते असं होईल: 'मी हिला 14 एप्रिल रोजी तपासले. दोन्ही हातांच्या पंजांत अशक्तपणा असून सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त लिहिता येत नाही. आधाराशिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त बसल्यास चक्कर येते व रक्तदाब कमी होतो. 20 एप्रिल ते 4 मे या काळातील तीन तासांच्या लेखी परीक्षेस बसण्यास ती वैद्यकीयदृष्ट्या असमर्थ आहे. ही स्थिती 31 मेपर्यंत राहण्याची शक्यता असून 1 जूनला फेरतपासणी करून पुढील मत देता येईल.' या मजकुरात एकही विशेषण नाही, तरी तो वाचल्यावर प्राचार्यांना शंका उरत नाही.

2010 साली ब्रिटनमध्ये नोकरदारांच्या आजारपणाच्या चिठ्ठीत असाच बदल झाला. आधीच्या 'सिक नोट'वर डॉक्टर कामावर जाऊ नये की जाता येईल एवढंच सांगत. तिच्या जागी 'फिट नोट' आली आणि तीत नवा पर्याय आला: काही बदल केले तर काम करता येईल. ते बदल कोणते, म्हणजे तास कमी करायचे की काम बदलायचं, हेही डॉक्टर सुचवू शकतात. आजाराच्या नावावरून क्षमतेकडे लक्ष वळवण्याचा हा विचार शिक्षणसंस्थांनी उचलण्यासारखा आहे. एका पानाचा, छापील, वरच्या पाच रकान्यांचा नमुना संस्थेने स्वतःच दिला तर अर्जदार, डॉक्टर आणि कार्यालय अशा तिघांचेही हेलपाटे वाचतील.

आता अर्जाकडे. पहिली गोष्ट वेळेची. सविस्तर अर्ज सुटका झाल्यावरच लिहिता येईल, पण कळवायला तोवर थांबू नये. दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत आई-वडिलांपैकी कोणी चार ओळींचा ईमेल करावा: अमुक वर्गाची, अमुक बैठक क्रमांकाची विद्यार्थिनी 28 मार्चपासून हॉस्पिटलात दाखल आहे, 8 एप्रिलच्या तोंडी परीक्षेला येऊ शकणार नाही, सविस्तर अर्ज व कागदपत्रं नंतर सादर करू. सोबत दाखल झाल्याची चिठ्ठी. या ईमेलला मान्यता मिळो न मिळो, तारीख नोंदली जाते. पेपर झाल्यावर, त्यातही निकाल लागल्यावर आलेल्या अर्जाकडे संशयाने पाहिलं जातं, आणि तो संशय अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जमतं का बघू म्हणून पहिल्या पेपरला बसू नये. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत तर नियमच आहे की परीक्षेला बसलात म्हणजे आपण बसायला तंदुरुस्त आहोत असं तुम्ही जाहीर केलंत. जिथे असा लेखी नियम नाही तिथेही 'पहिला पेपर दिला, मग दुसरा का नाही' हा प्रश्न अर्जाचा कणा मोडतो. एक पेपर अर्धवट देऊन बाहेर पडण्यापेक्षा तो सुरू होण्याआधी अर्ज देणं केव्हाही चांगलं.

तिसरी गोष्ट अधिकाराची. महाविद्यालय स्वायत्त असेल तर त्याचं परीक्षा मंडळ निर्णय घेऊ शकतं. ते विद्यापीठाशी संलग्न असेल आणि परीक्षा विद्यापीठाची असेल, तर प्राचार्यांच्या हातात शिफारस करून अर्ज पुढे पाठवणं एवढंच असतं. अनेक अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर 'मंजूर' अशी सही होऊन तिथेच राहतात. विद्यार्थी निश्चिंत होतो, आणि ज्या परीक्षा विभागाला कळायला हवं त्याला काहीच कळलेलं नसतं. म्हणून अर्जातच 'आपल्या शिफारशीसह परीक्षा विभागाकडे पाठवावा' असं लिहावं आणि तो पाठवल्याचा जावक क्रमांक मागून घ्यावा.

अर्ज एका पानात मावायला हवा. आपल्या विद्यार्थिनीचा अर्ज असा होईल.

दिनांक 15 एप्रिल

प्रति,
मा. प्राचार्य

विषय: वैद्यकीय कारणास्तव अंतिम सत्राची लेखी परीक्षा (20 एप्रिल ते 4 मे) व प्रकल्पाची तोंडी परीक्षा (8 एप्रिल) नंतर देण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: माझ्या वडिलांचा 30 मार्चचा ईमेल.

महोदय,

मी तृतीय वर्षाच्या सहाव्या सत्राची विद्यार्थिनी आहे. माझा बैठक क्रमांक व नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजारामुळे मी 28 मार्च ते 14 एप्रिल या काळात हॉस्पिटलात दाखल होते. मला घरी सोडले असले तरी हातांतील अशक्तपणामुळे सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त लिहिता येत नाही व आधाराशिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त बसता येत नाही. परीक्षेच्या काळात मी परीक्षेस बसण्यास असमर्थ असल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे (सहपत्र 1).

माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. सहाव्या सत्राचे पाचही लेखी पेपर मला जुलैमधील पुरवणी परीक्षेच्या वेळी देऊ द्यावेत. ही परीक्षा माझा पहिला प्रयत्न म्हणून धरावी व आताच्या परीक्षेत मला गैरहजर दाखवू नये. मार्चमध्ये झालेल्या प्रात्यक्षिकांचे व अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कायम ठेवावेत. प्रकल्पाची तोंडी परीक्षा 15 जूननंतर सोयीच्या दिवशी घ्यावी.

1 जूनच्या फेरतपासणीनंतरचे वैद्यकीय मत मी 5 जूनपर्यंत सादर करीन. पहिला पेपर 20 एप्रिलला असल्याने कृपया त्यापूर्वी हा अर्ज आपल्या शिफारशीसह परीक्षा विभागाकडे पाठवावा व निर्णय लेखी कळवावा. आजाराबाबतची कागदपत्रे फक्त या निर्णयासाठी वापरावीत, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
(विद्यार्थिनीच्या वतीने वडिलांची सही)
बैठक क्रमांक व नोंदणी क्रमांक

सहपत्रे:
1. तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र, 14 एप्रिल
2. डिस्चार्ज कार्डाची प्रत
3. हॉल तिकिटाची प्रत
4. ओळखपत्राची प्रत
5. वडिलांना पत्रव्यवहाराचा अधिकार देणारे पत्र

या पत्रातल्या विनंतीच्या परिच्छेदावर थोडं थांबू, कारण अर्जाचं खरं काम तिथे होतं. 'परीक्षा पुढे ढकलावी' एवढंच लिहिलं तर मंजुरीही तेवढीच मिळते. मग पुढे जुलैत परीक्षा दिल्यावर कळतं की ती दुसरा प्रयत्न म्हणून नोंदली गेली, किंवा पुन्हा परीक्षेचा अर्ज भरताना अंतर्गत गुण शून्य धरले गेले, किंवा श्रेणी आणि गुणवत्ता यादीसाठी पहिल्या प्रयत्नाची अट आड आली. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला हे जास्त लागतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षात राहिलेला पेपर पुढच्या वर्गात बसून देता येतो. शेवटच्या सत्रात पुढचा वर्ग नसतो. पुढच्या प्रवेशाच्या तारखा असतात, नोकरीवर रुजू होण्याचं पत्र असतं, आणि अभ्यासक्रम बदलत असेल तर जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा पुढे किती वेळा होईल याचाही प्रश्न असतो. तेव्हा पेपर कधी देणार, प्रयत्न कितवा धरायचा, आधीच्या गुणांचं काय आणि तोंडी परीक्षेचं काय, ही चारही उत्तरं एकाच आदेशात मागावीत.

कागदपत्रांबद्दल उलटी चूक होते, ती म्हणजे अतिरेक. मणक्यातल्या पाण्याचा रिपोर्ट, मज्जातंतूंच्या तपासणीचे आलेख, रोजचे रक्ताचे अहवाल, औषधांची बिलं, सगळं जोडलं जातं. कार्यालयात ते वाचू शकणारं कोणी नसतं, पण चार-पाच टेबलांवरून ते फिरतं मात्र नक्की. शिवाय जितके कागद जास्त, तितकी विसंगतीची शक्यता जास्त. एका रिपोर्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं, दुसऱ्यावर वय चुकलेलं, तिसऱ्यावर दाखल होण्याची तारीख एक दिवस मागची, आणि फाइल खुलाशासाठी परत. जोडलेल्या प्रत्येक कागदाने अर्जातलं एखादं विधान सिद्ध केलं पाहिजे. जो कागद तसं करत नाही तो घरी ठेवावा आणि मागितला तरच द्यावा. मूळ कागद देऊ नयेत, स्वयंसाक्षांकित प्रती द्याव्यात, प्रत्येकीवर सहपत्राचा क्रमांक टाकावा. ईमेलने पाठवताना सगळं एकाच पीडीएफमध्ये, अर्ज पहिल्या पानावर. कागदी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी.

सहीचा मुद्दा बारीक वाटतो पण या प्रसंगात तो खरोखर येतो. हातात ताकद नसलेल्या मुलीची सही हॉल तिकिटावरच्या सहीशी जुळणार नाही. ती तशीच वाकडीतिकडी केली तर 'सही कोणाची' हा प्रश्न निघतो, आणि घरच्यांनी तिच्या नावाची सही केली तर ते सरळ गैर आहे. वडिलांनी स्वतःच्या नावाने, 'विद्यार्थिनीच्या वतीने' अशी सही करावी. पाचवं सहपत्र त्यासाठीच आहे, आणि त्यावर तिचा अंगठा डॉक्टरांसमोर घेऊन त्यांनी तो साक्षांकित केला असेल तर प्रश्न उरत नाही.

आता विरोधी बाजू. पहिला आक्षेप असा की लिहिता येत नसेल तर लेखनिक द्यावा, परीक्षा पुढे ढकलायची काय गरज? हा आक्षेप रास्त आहे आणि काही आजारांत तोच योग्य मार्ग आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असेल आणि बाकी प्रकृती ठणठणीत असेल, तर लेखनिक आणि जादा वेळ मागावा. अशा वेळी मुदत मागणाऱ्याला संस्थेने नाही म्हटलं तर ते बरोबर आहे. पण आपल्या विद्यार्थिनीची अडचण हातापुरती नाही. तिला बसवत नाही, रक्तदाब खाली जातो, थकव्याने अर्ध्या तासात लक्ष लागेनासं होतं. लेखनिक लिहील, बसायचं आणि विचार करायचं तिलाच आहे. त्यात गणित, आकृत्या, ताळेबंद असे विषय असतील तर तोंडाने सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याचा सराव आठवडाभरात होत नाही. म्हणूनच प्रमाणपत्रात 'लिहिता येत नाही' एवढंच नसून बसण्याबद्दलही लिहिलेलं असणं महत्त्वाचं. तो आक्षेप तिथेच संपतो.

दुसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. ती मिळतात हे खरं आहे. पण खोटं प्रमाणपत्र सर्वात सोपं असतं ते मोघम असताना. 'ताप, दहा दिवस विश्रांती' असं लिहून द्यायला कोणाला फारसा विचार करावा लागत नाही आणि ते खोडून काढणंही अशक्य असतं. अमुक तारखेला तपासलं, अमुक इतकी मिनिटं लिहिता येतं, अमुक तारखेला फेरतपासणी, असं नोंदणी क्रमांकासह लिहून देणारा डॉक्टर स्वतःला बांधून घेतो. विद्यार्थ्याची लेखी संमती घेऊन हॉस्पिटलला एक पत्र पाठवलं की ते पडताळताही येतं. संस्थेला फसवणूक रोखायची असेल तर नेमकेपणा मागावा. कागदांचा ढीग मागितल्याने फसवणाऱ्याचं काही बिघडत नाही. आजारी माणसाच्या घरच्यांची मात्र दमछाक होते.

तिसरा आक्षेप समानतेचा: बाकीच्यांनी ठरल्या दिवशी परीक्षा दिली, हिला तीन महिने जादा का? इथे 'जादा' वेळेचा हिशेब नीट करायला हवा. 26 मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ती अभ्यास करत नव्हती. त्यातले जवळपास तीन आठवडे तर हॉस्पिटलातच गेले. परीक्षेने विद्यार्थ्याला विषय किती येतो ते मोजायचं असतं. आजारी असताना घेतलेल्या परीक्षेत आजारच मोजला जातो, आणि त्या गुणांवर पुढे नोकरी देणाऱ्याचीही दिशाभूल होते. एका विद्यार्थिनीसाठी नवी प्रश्नपत्रिका काढणं, ती गुप्त ठेवणं, परीक्षक नेमणं हे संस्थेला जड जातं, हे मान्य. म्हणूनच अर्जात आधीच ठरलेल्या पुरवणी परीक्षेचं नाव घेतलं आहे. तिथे प्रश्नपत्रिका निघणारच असते. फक्त पुरवणी परीक्षा नापासांसाठीच, असा नियम असेल तर त्यात वैद्यकीय कारणाने मुदत मिळालेल्यांचा समावेश करणारी एक ओळ घालायला हवी.

आणि हे अशक्य नाही हे भारतात एकदा दिसून आलेलं आहे. 2020 साली कोविडच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैमध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याचा आग्रह धरला होता. त्याच सूचनांत, कोणत्याही कारणाने परीक्षेला बसू न शकलेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला विशेष परीक्षेची संधी देता येईल, असंही म्हटलं होतं. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेतल्याविना अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही, पण राज्यांना मुदत वाढवून मागता येईल, असा निकाल दिला. परीक्षा हवीच, तारीख मात्र परिस्थितीप्रमाणे बदलू शकते, हे तत्त्व तेव्हा लाखो विद्यार्थ्यांसाठी मान्य झालं. विशेष परीक्षेची ती तरतूद त्या एका वर्षापुरती होती. एकट्याने आजारी पडलेल्या विद्यार्थिनीला तीच सोय नाकारण्याचं समर्थन मला सापडत नाही.

खासगीपणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जीबीएसचं नाव सांगायला सहसा कोणाला संकोच वाटत नाही. क्षयरोग, एखादा मानसिक आजार, गर्भपातानंतरची गुंतागुंत अशा वेळी तसं नसतं. अर्ज लिपिकाच्या, विभागप्रमुखाच्या आणि कधी कधी वर्गशिक्षकाच्या हातून जातो, आणि आठवडाभरात वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी अर्जात 'गंभीर आजार' एवढंच लिहून, काय जमत नाही ते आणि तारखा पूर्ण द्याव्यात. निदान असलेला कागद बंद पाकिटात, 'फक्त प्राचार्य व परीक्षा नियंत्रकांसाठी' असं लिहून द्यावा. संस्थेने हे पाकीट स्वीकारायला हवं. वर दिलेल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात निदानाचा रकाना नाही हे मुद्दाम आहे. तो नसतानाही निर्णय घेता येतो.

निर्णयाला मुदत हवी, ही माझी संस्थांकडून शेवटची मागणी. परीक्षेचा अर्ज भरायला तारीख असते, विलंब शुल्काला तारीख असते, पण वैद्यकीय अर्जावर उत्तर देण्याला तारीख नसते. पेपर 20 तारखेला आणि अर्ज 15 तारखेला आला असेल तर परीक्षा मंडळाच्या बैठकीची वाट पाहून चालणार नाही. अध्यक्षांनी तात्पुरती मंजुरी द्यावी आणि नंतर बैठकीत ती कायम करावी, अशी सोय नियमात घालता येते. विद्यार्थ्याच्या बाजूने काळजी एवढीच की 18 एप्रिलपर्यंत उत्तर आलं नाही तर त्या दिवशी पोच क्रमांकाचा उल्लेख करून दोन ओळींचं स्मरणपत्र परीक्षा विभागाला थेट आणि प्राचार्यांना प्रतीसह पाठवावं.

मंजुरी मिळाल्यावर काम अर्ध्यावर आलेलं असतं. लेखी आदेशाची प्रत घ्यावी आणि तीत चारही मुद्दे आलेत का ते पाहावं. एखादा राहिला असेल तर लगेच विचारावं, निकालानंतर नव्हे. पुरवणी परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप भरला जात नाही, आणि त्याची तारीख बहुधा मे-जूनमध्येच, म्हणजे विद्यार्थिनी अजून फिजिओथेरपीला जात असतानाच येते. 1 जूनच्या तपासणीत डॉक्टरांना पुन्हा तेच पाच रकाने भरून मागावेत. आता तीन तास बसवत असेल पण लिहिण्याचा वेग कमी असेल, तर प्रमाणपत्रात 'परीक्षेस बसण्यास समर्थ, जादा वेळ आवश्यक' असं यायला हवं आणि जादा वेळेचा अर्ज त्याच दिवशी द्यायला हवा. नुसतं 'फिट' लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं तर ती सवलत नंतर मागताना तोच कागद आडवा येतो. आणि ताकद अजूनही आली नसेल, तर मुदत आणखी वाढवून मागणारं पत्र 5 जूनलाच, पहिल्या आदेशाचा क्रमांक टाकून द्यावं, म्हणजे जुलैच्या वेळापत्रकात तिचं नाव लागण्याआधी परीक्षा विभागाच्या हातात ते असेल.